गोष्टीच्या तळाशी असलेला प्रश्न

प्रसंग रंगवून सांगण्याची हौस आपल्या घराघरांतून आहे. पंगतीत, ओटीवर, आगगाडीच्या प्रवासात एकाने एक प्रसंग सांगावा आणि त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवावा, हा क्रम चालतच असतो. तेच प्रसंग कागदावर उतरले की त्यांना आपण लेख म्हणतो. परंतु काही लेख वाचून झाल्यावर ‘छान गंमत होती’ एवढेच मनात उरते, आणि काही लेख मात्र चार दिवस पाठ सोडीत नाहीत. भाषा दोहोंची सारखीच चांगली असते, प्रसंगही सारखेच साधे असतात. मग फरक पडतो कोठे, याचा शोध आम्ही एका परिचित लेखाच्या आधारे घेणार आहोत.

तो लेख म्हणजे इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’. १९४९ साली निघालेल्या ‘परिपूर्ती’ या त्यांच्या संग्रहात तो आहे. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. त्या एका दिंडीबरोबर पंढरीची वाट चालल्या आणि त्या चालण्याची हकीकत त्यांनी लिहिली. त्या एकाच दिंडीत ब्राह्मणांचा गट निराळा आणि मराठ्यांचा निराळा होता. भजन एक, वाट एक, ऊनपाऊस एक. चुली मात्र वेगळ्या. हे इरावतीबाईंना रोज खटके. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, घरचे सुखदुःख सांगू लागल्या आणि शेवटी त्यांना ‘ताई’ म्हणू लागल्या.

एखाद्या हौशी लेखकाने येथेच लेखणी खाली ठेवली असती. ‘ताई’ हा शब्द कानी पडला, भेद गळून पडले, विठ्ठलाच्या दारी सारे समान! प्रसंग गोड झाला असता आणि वाचकही सुखावला असता. इरावतीबाई मात्र पुढचा क्षण गाळीत नाहीत. आम्ही तुम्हांला भेटायला पुण्याला येऊ, असे त्या बायका म्हणतात. तेव्हा त्यांतली एक तरुण मुलगी विचारते की, तेथेही तुम्ही आमच्याशी आत्तासारख्याच वागाल का? हा साधा प्रश्न इरावतीबाईंच्या जिव्हारी लागतो. इतक्या युगांचे शेजारपण असूनही आपण एकमेकींच्या झालो नाही, ही जाणीव त्यांना होते.

या एका प्रश्नाने त्या हकीकतीचे सारे वजनच बदलते. तोपर्यंत आपण वारीतल्या ऐक्याचे वर्णन वाचीत असतो. आता विचारावे लागते की, हे ऐक्य वाटेवरचे की घरचेही? वाटेवर रोजचे नियम थोडे सैल होतात. सगळेच परके, सगळेच थकलेले. खरी परीक्षा उंबऱ्याशी होणार. आणि मुलीने हे विचारले ते कोणा सनातनी माणसाला नव्हे. जी पंक्तिभेद मोडून शेजारी येऊन बसली तिलाच विचारले. त्यामुळे लेखिकेला बाजूला उभे राहून समाजाला दोष देता येत नाही. ती स्वतःच त्या प्रश्नाच्या कक्षेत येते.

याच लेखात इरावतीबाईंना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सापडते: ज्या भूमीतले लोक पंढरीच्या यात्रेला जातात ती भूमी. ही व्याख्या त्या मुलीच्या प्रश्नाशेजारी ठेवून पाहावी. एका वाटेने जाणारे लोक एक होतात का, हा प्रश्न लगेच उभा राहतो. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्या काढलेल्या घरांनी तर ती व्याख्या आणखी पुढे नेऊन पाहावी. इंदूरच्या ज्या मराठी घरातून कधी कोणी वारीला गेले नाही, त्याने काय समजावे? आणि कर्नाटकातून पंढरीला जाणारा कानडी भक्त कोठला? चांगल्या निबंधातले उत्तर असे असते. ते हातात घेऊन वाचकाला आणखी चार पावले चालता येते.

मुलीच्या तोंडून प्रश्न आयता मिळणे हे भाग्य क्वचितच लाभते. एरवी तो खणून काढावा लागतो. कसा, ते पाहण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. समजा, बडोद्यातल्या एका घराचे आडनाव साताऱ्याकडील एका गावावरून पडलेले आहे. गायकवाडांच्या नोकरीसाठी पूर्वज इकडे आले, त्याला चार पिढ्या झाल्या. नातू एकदा हौसेने ते गाव पाहायला जातो. दिवसभर हिंडूनही त्याला कोणी ओळखीत नाही. शेवटी देवळातला म्हातारा गुरव म्हणतो, “अच्छा, म्हणजे तुम्ही बडोदेकर!” येथे ऐकणारे हसतात आणि गोष्ट संपते.

आता तळाशी काय आहे? ‘माणसाचे गाव म्हणजे काय?’ हा पहिला प्रश्न सुचेल. तो इतका मोठा आहे की या घरावाचूनही विचारता येतो, म्हणून त्याचा उपयोग नाही. ‘आपण आपली मुळे विसरलो का?’ हा दुसरा. त्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या खिशातच असते. त्यातून उपदेश निघेल, विचार नाही. तेव्हा हसू ओसरल्यावरही जो तपशील खुपत राहतो त्याकडे वळावे. कोणी न पाहिलेले गाव चार पिढ्या ‘आपले’ म्हणून सांगितले गेले. ते सांगण्याची गरज कोणाला होती, आणि केव्हा?

हा प्रश्न घेऊन घरात फिरले की माहिती आपोआप निघू लागते. गावाचे नाव निघे ते लग्न ठरवताना, कुलदैवत विचारले जाई तेव्हा. म्हणजे ते राहण्याचे गाव नसून ओळख पटवण्याची खूण होती. मग ध्यानात येते की आजीचे मूळ गाव कोणी सांगतच नाही. तिचे माहेर बडोद्यातच, दोन गल्ल्या पलीकडे. ज्या गावाशी घराचे रक्ताचे नाते होते ते दारातच होते. पण ते बाईकडून आलेले असल्यामुळे त्याला ‘मूळ’ म्हणण्याचे कोणाला सुचले नाही. लिहायला बसताना हे लेखकाच्या मनात नव्हते. प्रसंग तोच राहिला, पण गुरवाचे वाक्य आता लेखाचा शेवट न राहता त्याची सुरुवात झाले.

अशा खणण्यात दोन धोके असतात. एक म्हणजे गोष्टीच्या शेपटीला तात्पर्य बांधणे. त्याची ओळख सोपी आहे: शेवटचा परिच्छेद उचलून दुसऱ्याच्या गोष्टीला लावून पाहावा, तेथेही तो बेमालूम बसला, तर तो या गोष्टीतून निघालेलाच नाही. दुसरा धोका याच्या उलट आहे. प्रश्न सापडल्याच्या आनंदात लेखक गोष्टीला साक्षीदारासारखी राबवतो आणि प्रश्नाला गैरसोयीचे तपशील गाळतो. आजीचे माहेर त्या बडोद्याच्या लेखातून असेच गळाले असते.

प्रत्येक प्रसंगाखाली प्रश्न असतोच असे नाही. काही गोष्टी हसण्यासाठीच असतात. त्यांना खणून त्यांचे हसू घालवू नये. परंतु जी गोष्ट आपल्या घरात पुनःपुन्हा सांगितली जाते, आणि सांगताना दर वेळी एकाच ठिकाणी सांगणारा क्षणभर थांबतो, ती सहसा नुसती गंमत नसते. थांबण्याची ती जागा आधी कागदावर मांडावी. लेख तेथून सुरू होतो.