शेवटच्या गिऱ्हाइकाचा भाव

प्रथम वर्ष वाणिज्यच्या मुलांना मी पुण्याच्या मार्केट यार्डात नेतो ते शक्यतो रविवारी. शनिवारी गुलटेकडीचा भाजीबाजार बंद असतो, त्यामुळे रविवारी पहाटे दोन दिवसांचा माल एकदम उतरतो. पालेभाज्यांच्या बाजूला कोथिंबिरीच्या राशी लागलेल्या असतात, आणि त्यातल्याच एका राशीपाशी उभा राहून मी बोलायला सुरुवात करतो. मागणी आणि पुरवठा शिकवायला कोथिंबिरीइतकी सोयीची वस्तू मला दुसरी सापडलेली नाही. तिथे जे बोलतो, तेच इथे लिहून काढले आहे.

मुलांनो, आधी ही जुडी हातात घ्या. देठ करकरीत आहेत, पाने उभी आहेत. दुपारी चार वाजता ही मान टाकेल आणि उद्या सकाळी पिवळी पडू लागेल. पुस्तकात तुम्ही ‘साठा’ आणि ‘पुरवठा’ यांतला फरक पाठ केला असेल. गव्हाचा व्यापारी साठ्यातला थोडा माल बाजारात आणतो आणि उरलेला चांगल्या भावासाठी राखून ठेवतो. कोथिंबिरीच्या बाबतीत ती सोय नाही. जेवढा माल पहाटे उतरला, तेवढा आजच विकायचा. भाव कितीही वाढला तरी आता आणखी एक जुडी उगवणार नाही आणि कितीही पडला तरी शेतकरी माल परत गाडीत भरून गावी नेणार नाही. अ‍ॅल्फ्रेड मार्शल यांनी 1890 साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात काळाचे जे टप्पे पाडले, त्यांतला हा सगळ्यात आखूड टप्पा. आलेखावर या पुरवठ्याची रेषा सरळ उभी असते. म्हणजे आजच्या दिवसापुरता सगळा खेळ मागणीकडे.

आता मागणी. ती पुस्तकात एका गुळगुळीत उतरत्या रेषेने दाखवतात, पण इथे ती माणसांच्या रूपात उभी आहे. आकडे माझे आहेत, समजावण्यापुरते धरा. एका केटररला आज लग्नाच्या पंगती वाढायच्या आहेत. त्याला 200 जुड्या हव्यात आणि वेळ पडली तर तो जुडीला 40 रुपयेही देईल, कारण आचाऱ्याला कोथिंबीर मिळाली नाही असे तो यजमानाला सांगू शकत नाही. भाजीच्या दुकानदारांना मिळून 300 जुड्या हव्यात, पण 20 रुपयांच्या वर ते जाणार नाहीत. हातगाडीवाल्यांना 400 हव्यात, त्यांची मर्यादा 10 रुपये. शेवटी कोथिंबीर वड्या करून विकणाऱ्या बायकांचा एक गट आहे. त्यांना 300 जुड्या चालतील, पण 6 रुपयांच्या पुढे वडी परवडत नाही.

समजा आज 800 जुड्या आल्या. 20 रुपये भाव ठेवला तर केटरर आणि दुकानदार मिळून 500 उचलतील आणि 300 जुड्या पडून राहतील. त्या विकायच्या तर हातगाडीवाल्यांपर्यंत उतरावे लागते. भाव 10 झाला की ते पुढे होतात आणि रास उठते. आता तुमच्यातले कोणीतरी हमखास विचारते, की केटरर 40 द्यायला तयार आहे तर अडत्या त्याच्याकडून 40 का घेत नाही? कारण शेजारच्या गाळ्यावर तशीच जुडी 10 ला मिळते आणि केटररला ते दिसते. त्याची गरज मोठी असली तरी तिचे पैसे त्याला मोजावे लागत नाहीत. भाव सगळ्यात गरजू माणूस ठरवत नाही. राशीतली शेवटची जुडी ज्याच्या गळ्यात पडणार, तो ठरवतो. समतोल किंमत म्हणतात ती हीच.

हे पटले असेल तर पुढचे कोडे सोपे जाईल. पाऊस झाला आणि माल 450 वर आला, तर हातगाडीवाले बाहेर पडतात. शेवटचे गिऱ्हाईक आता दुकानदार आहे आणि भाव 20. उलट हवा चांगली पडली आणि 1,100 जुड्या आल्या, तर वड्यांच्या गटापर्यंत पोचावे लागते आणि भाव 6 होतो. तिन्ही दिवसांची एकूण प्राप्ती काढा: 450 जुड्यांचे 9,000 रुपये, 800 जुड्यांचे 8,000 आणि 1,100 जुड्यांचे 6,600. माल जास्त, पैसे कमी. भरघोस पीक आल्याच्या वर्षी शेतकरी डोक्याला हात लावून का बसतो, याचे उत्तर या तीन गुणाकारांत आहे. परीक्षेत याला ‘कमी लवचिक मागणी’ म्हणा. घरात पाहिलेत तर कोथिंबीर स्वस्त झाली म्हणून आई ती आमटीत दुप्पट घालत नाही आणि महागली म्हणून पोह्यांवरची पूर्ण बंदही करत नाही. खप थोडाच हलतो, म्हणून भावाला फार हलावे लागते.

इथपर्यंत आपण पुरवठ्याची रेषा उभी धरली. पण ती उभी आहे ती या छपराखाली. रात्री शेताच्या बांधावर ती उभी नव्हती. तिथे शेतकऱ्यापुढे अजून एक निर्णय होता: माल काढायचा की नाही. मजुरांकडून काढणी, जुड्या बांधणे, गाडीभाडे, हमाली हा सगळा खर्च जुडीमागे 3 रुपये धरा. बी, खत, पाणी, नांगरट यांवर आधीच 4 रुपये गेलेत. एकूण 7. अडत्याचा फोन आला की उद्या 4 रुपये मिळतील. तुम्ही म्हणाल, 7 रुपये खर्चून 4 ला कशाला विकायचे? पण बी-खताचे ते 4 रुपये माल शेतात ठेवून परत येणार नाहीत, ते गेलेच. पुढे होणारा खर्च फक्त 3 आहे, हातात 4 येतात, म्हणजे बुडालेल्या पैशांतला एक रुपया तरी वसूल होतो. म्हणून तो काढतो. भाव 2 होणार असे कळले तर मात्र काढणीच तोट्याची, आणि मग तो उभ्या पिकात मेंढरे सोडतो किंवा रोटाव्हेटर फिरवतो. वर्तमानपत्रात तो फोटो येतो तेव्हा लोक त्याला संताप समजतात. संताप असतोच, पण त्याखाली स्थिर आणि बदलत्या खर्चाचा अगदी काटेकोर हिशेब असतो. तुमच्या पुस्तकातला ‘उत्पादन बंद करण्याचा बिंदू’ तोच.

आता थोडे लांब बघू. कोथिंबीर पेरल्यापासून साधारण 40 ते 45 दिवसांत काढणीला येते. उन्हाळ्यात उगवण नीट होत नाही, माल घटतो, भाव चढतो. तो भाव ऐकून अनेक जण एकाच आठवड्यात कोथिंबीर टाकतात. प्रत्येकाचा विचार आपापल्या जागी बरोबर असतो. पण सगळ्यांचे 45 दिवस एकदमच भरतात, सगळ्यांच्या गाड्या एकाच पहाटे फाटकावर लागतात आणि भाव कोसळतो. मग हात पोळलेले लोक कोथिंबीर सोडतात, आणि पुढच्या खेपेला माल कमी पडून भाव पुन्हा चढतो. आलेखावर हा प्रवास काढला तर मागणी-पुरवठ्याच्या छेदाभोवती चौकोनी फेरे पडत जातात. निकोलस काल्डॉर यांनी 1934 साली त्याला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले. या जाळ्याला एकच गोष्ट लागते: आजचा भाव हाच दीड महिन्यानंतरचा भाव, असे सगळ्यांनी धरून चालणे. जाणते शेतकरी म्हणूनच दर आठ-दहा दिवसांनी थोडे थोडे क्षेत्र पेरतात. एखादा तोडा मातीमोल जातो, एखादा चांगले पैसे देतो आणि सरासरी निभते. सगळे रान एकदम पेरणाऱ्यापेक्षा मला हा माणूस शहाणा वाटतो.

मागणीची अख्खी रेषाच सरकते, ते पाहायचे असेल तर भोगीच्या आदल्या दिवशी या. संक्रांतीच्या तोंडावर वांगी, गाजर, पावटा, घेवडा आणि ओल्या हरभऱ्याला घरोघर मागणी येते. काल ज्या भावाला वांग्यांना एक गिऱ्हाईक होते, त्याच भावाला आज तिघे उभे असतात. भाव उतरल्यामुळे कोणी जास्त घेतले, तर तो मागणीतला विस्तार. भाव तोच असताना जास्त मागितले, तर ती मागणीतली वृद्धी. उत्तरपत्रिकेत या दोन शब्दांची गल्लत दर वर्षी होते, आणि मला ती खटकते, कारण बाजारात तिचा अर्थ पैशांत निघतो. भोगीची तारीख मात्र शेतकऱ्यालाही ठाऊक असते आणि तोही माल त्याच बेताने आणतो. म्हणून सणाला भाव वाढतोच असे डोळे झाकून लिहू नका.

मग नुसता भाव चढलेला दिसला, तर कारण मागणीचे की पुरवठ्याचे, हे ओळखायचे कसे? भावाशेजारी आवक बघा. भाव वर आणि आवक खाली असेल तर बहुधा पुरवठा आटला आहे. भाव वर आणि आवकही वर असेल तर मागणी वाढली आहे. दोन्ही खाली गेले तर गिऱ्हाईकच कमी झाले आहे. एकट्या भावावरून निष्कर्ष काढणारी बातमी अर्धवट असते.

या खुणेलाही एक अडचण आहे, आणि ती तुमच्या पायाशीच पडली आहे. ही दुसरी रास बघा. रात्री पावसात भिजलेला माल आहे. वरून हिरवागार दिसतो, पण खरेदीदार वरची जुडी बघतच नाही. तो हात आत घालून तळातली जुडी ओढतो, देठ दाबतो, वास घेतो. तळाशी चिकट काळी पाने लागली की तो पुढे निघून जातो. आवकीच्या आकड्यात ही रासही मोजली जाते. त्यामुळे पावसाळ्यात कधी कधी आवक भरपूर दिसते आणि तरी चांगला माल महाग जातो. अशा दिवशी किमान आणि कमाल भावातले अंतर खूप ताणलेले असते. ते अंतर दिसले की समजा, एका नावाखाली दोन वस्तू विकल्या जात आहेत आणि प्रत्येकीचा बाजार वेगळा मांडला पाहिजे.

आता तुमचे काम. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतात. प्रत्येकाने एक भाजी निवडा आणि दीड महिना तिची आवक आणि तिन्ही दर वहीत उतरवा. शेजारी एक रकाना पावसाचा ठेवा आणि एक सणावारांचा. ज्या दिवशी भाव मोठा हलला असेल, त्या दिवसापुढे एकाच ओळीत लिहा: मागणी, पुरवठा की मालाची प्रत. पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर बोलला जातो आणि फळभाजीचा दहा किलो किंवा क्विंटलवर, तेव्हा एकक तपासल्याशिवाय एकही आकडा वहीत घेऊ नका.