पडदा नेमका किती मागे आहे?

"मामा, मी बटण वेळेवर दाबतोय, तो उडी उशिरा मारतोय." भाच्याची ही तक्रार आधी मी कानाआड केली. मग स्वतः दोन डाव खेळलो आणि खड्ड्यात पडलो. घरात जुना निन्टेन्डो वी होता, अमेरिकेतून आलेला. तो पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही तारांनी नव्या सपाट टीव्हीला जोडलेला होता. हाच खेळ याच यंत्रावर जुन्या पेटीसारख्या टीव्हीत बिनचूक चालायचा. म्हणजे उशीर टीव्हीत होता. पण किती?

चित्राचा सिग्नल टीव्हीत शिरल्यापासून ते चित्र काचेवर उमटेपर्यंत जो वेळ जातो, त्याला इनपुट लॅग म्हणतात. सपाट टीव्ही आलेलं चित्र थेट दाखवत नाही. आधी ते साठवतो, पडद्याच्या मापाला ताणतो, त्यातला खरखरीतपणा पुसतो. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये तिसरं चित्र रचायचं असेल, तर पुढचं चित्र येईपर्यंत त्याला थांबावंच लागतं. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. खेळताना मात्र बोटाला कळतं. खोक्यावर छापलेला '१ मिलिसेकंद' हा आकडा इथे उपयोगाचा नाही. तो ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ सांगतो, चित्र आत किती वेळ अडकलं होतं ते सांगत नाही.

मोजायला तुलनेसाठी एक पडदा लागतो, आणि त्यासाठी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही उत्तम. त्यात चित्र साठवलंच जात नाही. सिग्नल येतो तसा इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर वरून खाली रेघा ओढत जातो. उशीर जवळपास शून्य. मी माळ्यावरचा २१ इंची टीव्ही खाली उतरवला आणि नव्या टीव्हीच्या शेजारी मांडला. एक गोष्ट मात्र आधी पाहून घ्यावी: शेवटच्या काळातले काही महागडे ट्यूब टीव्ही '१०० हर्ट्झ'चे होते आणि ते चित्र आत साठवत. तसला टीव्ही या कामाला चालत नाही.

वीच्या पिवळ्या तारेला दुफळी जोड लावून एकच सिग्नल दोन्हीकडे नेला. अशा साध्या जोडाने सिग्नल विभागला जातो आणि दोन्ही चित्रं जरा काळवंडतात, पण आकडे वाचता येतात, तेवढं पुरे. वीवर 240p Test Suite चालवलं. मेक्सिकोच्या आर्तेमिओ उर्बिना यांनी जुन्या गेमयंत्रांसाठी लिहिलेला हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यातल्या Lag Test मध्ये पडद्यावर घड्याळ धावतं आणि सेकंदाच्या पुढे फ्रेमचा आकडाही दाखवतं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे हा आकडा दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो.

इथे बरेच जण दोन्ही पडद्यांचा एक फोटो काढतात आणि आकड्यांची वजाबाकी करतात. मीही तेच केलं. पहिल्या फोटोत ट्यूबवर ३७, सपाट टीव्हीवर ३३, फरक ४. पुढच्या फोटोत फरक ५. फोटोला पूर्ण फ्रेमच मोजता येते, मधलं काही कळत नाही. कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहिली तर दोन आकडे एकमेकांवर चढतात आणि वाचायचा कोणता हाच प्रश्न पडतो.

फोनचा सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन व्हिडिओ ही अडचण सोडवतो. त्यात दर ४.१७ मिलिसेकंदांनी एक चित्र मिळतं, म्हणजे टीव्हीच्या एका फ्रेमचे चार तुकडे. आता वजाबाकी आकड्यांची करायची नाही. एकच आकडा, समजा ३४, ट्यूबवर कधी उमटला आणि तोच सपाट टीव्हीवर कधी उमटला, यामधली फोनची चित्रं मोजायची.

फोन आडवा धरून कशावर तरी टेकवावा, आणि दोन्ही घड्याळं पडद्यावर एकाच उंचीला येतील असं बघावं. याला कारण आहे. दोन्ही पडदे चित्र वरून खाली भरतात, आणि एकाच फ्रेमचा वरचा भाग व तळ यांत जवळजवळ १६ मिलिसेकंदांचा फरक असतो. फोनचा कॅमेराही चित्र ओळीओळीने वाचतो. उंची सारखी ठेवली की या दोन्ही चुका सुटतात. खोलीतली ट्यूबलाइट बंद करावी; आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि स्लो मोशनमध्ये सगळी खोली धडधडताना दिसते.

व्हिडिओ संगणकावर घेऊन व्हीएलसीमध्ये `E` दाबत एकेक चित्र पुढे सरकवलं. ट्यूबचा पडदा जवळजवळ काळा दिसतो, त्यावरून एक उजळ पट्टा खाली उतरत जातो, आणि पट्टा घड्याळावरून गेला की नवा आकडा लख्ख उमटतो. तिथे शंका राहत नाही. सपाट पडद्यावर मात्र ३३ विरघळत असताना त्यातूनच ३४ वर येतो, आणि एक-दोन चित्रं दोन्ही आकडे एकत्र दिसतात. मी नियम केला: नवा आकडा जुन्यापेक्षा ठळक दिसला ते चित्र धरायचं, आणि तोच नियम शेवटपर्यंत पाळायचा.

मोजण्याआधी फोन खरोखर २४० चित्रं टिपतो का, हेही बघून घेतलं. घड्याळाचा फ्रेमचा आकडा एका १० पासून पुढच्या १० पर्यंत पोचायला २४० चित्रं लागली पाहिजेत. काही फोन निम्मीच टिपतात आणि तीच दोनदा वापरतात किंवा मधली स्वतः रचतात. लागोपाठची दोन चित्रं वारंवार हुबेहूब सारखी निघाली, तर समजावं की मोजमाप तेवढं सूक्ष्म नाही.

दहा वेळा मोजलं. सहा वेळा १९ चित्रं आली, तीनदा २०, एकदा १८. सरासरी १९.२, म्हणजे ८० मिलिसेकंद. टीव्हीच्या हिशेबात पावणेपाच फ्रेमपेक्षा किंचित जास्त, म्हणून तर फोटोत कधी ४ तर कधी ५ येत होते. एका मोजणीत चित्रभर चूक होऊ शकते, पण फोन आणि टीव्ही यांची पावलं जुळलेली नसल्याने दहा-बारा मोजण्यांत ती बरीचशी विरते.

मग टीव्हीचा गेम मोड चालू केला. सरासरी ८.१ चित्रं, ३४ मिलिसेकंद. भाच्याला न सांगता रिमोट त्याच्या हातात दिला. तिसऱ्या उडीला त्याने वळून बघितलं.

हा आकडा फक्त एव्हीच्या जागेचा. एचडीएमआयमधून आलेलं चित्र टीव्हीच्या आत वेगळ्या वाटेने जातं, आणि तिथे ट्यूब टीव्ही थेट जोडता येत नाही. तिथे मी नव्या गेमयंत्राचं बटण दाबणारा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत टिपले. बटण तळाला टेकल्यापासून पडद्यावरचा माणूस हलेपर्यंतची चित्रं मोजली. यात कंट्रोलर, यंत्र आणि खेळ यांचाही उशीर मिसळलेला असतो, म्हणून त्या आकड्याला टीव्हीचा लॅग म्हणता येत नाही. पण बाकी सगळं तेच ठेवून फक्त गेम मोड चालू-बंद केला, तर दोन सरासऱ्यांमधला फरक टीव्हीचाच असतो. आमच्याकडे तो १५ चित्रांचा निघाला, साधारण ६२ मिलिसेकंद. एव्हीवरच्या फरकापेक्षाही जास्त. आणि टीव्ही विकत आणला तेव्हा हा मोड दोन्हीकडे बंदच होता.