घसरलेली रेघ

भाचीने सकाळी साडेसहाला फोटो पाठवला. बाळाचा नव्हे, बाळाच्या वाढीच्या तक्त्याचा. गुलाबी कागदावर डावीकडून उजवीकडे चढत गेलेल्या पाच कमानदार रेषा आणि त्यांच्यामधून पेनाने जोडलेले पाच ठिपके. खाली एकच ओळ : "मामा, हिची रेघ खाली का आली?"

मी बालरोगतज्ज्ञ असल्यामुळे असे फोटो नात्यागोत्यातून येतच असतात. आधी मी फोटोवर विश्वास ठेवत नाही. मोबाइल तिरका धरला की कागदाच्या एका कडेच्या रेषा दाटीवाटीने बसतात, आणि घडीवर आलेला ठिपका कोणत्या रेषेचा हे कळतच नाही. म्हणून तिला म्हटलं, आकडे पाठव. ते आले : जन्माला 3.2 किलो, तीन महिन्यांना 5.8, सहाला 7.2, नवव्याला 7.4, वर्षाला 7.7.

आकड्यांमुळे एक चूक लगेच सापडली. नवव्या महिन्याचा ठिपका कोणीतरी दहाव्या महिन्याच्या उभ्या रेषेवर टाकला होता. बाळाला "दहावा लागला" होता, पण तक्ता पूर्ण झालेले महिने मोजतो. एक घर चुकल्यामुळे घसरण होती त्याहून जास्त दिसत होती. तरी ठिपका जागेवर आणूनही रेघ खाली येतच होती.

त्या पाच रेषांवर 3, 15, 50, 85 आणि 97 असे आकडे असतात. हे पर्सेंटाइल. सीईटीच्या निकालामुळे हा शब्द आता घरोघरी पोचला आहे, आणि तिथे होतो तोच घोटाळा इथेही होतो : लोक त्याला गुण समजतात. त्याच वयाच्या शंभर निरोगी मुली वजनाप्रमाणे ओळीत उभ्या केल्या, तर पंधराव्या रेषेवरच्या मुलीपेक्षा पंधरा जणी हलक्या आणि उरलेल्या भारी, एवढाच त्याचा अर्थ. पंधरावी रेषा म्हणजे नापास नव्हे. लहानखुऱ्या आईबापांची मुलगी वर्षानुवर्षं पंधराव्या रेषेला धरून चालली तर ती ठणठणीत असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये हे तक्ते काढले तेव्हा ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत अशा सहा देशांतली मुलं मोजली होती. आपल्याकडची दक्षिण दिल्लीतली होती. त्यामुळे "हा परदेशी तक्ता, आपल्या मुलांना कसा लागू?" हा आक्षेप पाच वर्षांखालच्या मुलांसाठी फारसा टिकत नाही.

एकटा ठिपका फार बोलत नाही, ठिपक्यांची दिशा बोलते. भाचीची लेक जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत जवळजवळ पन्नासाव्या रेषेवर होती. सहा ते नऊ महिन्यांत त्या मधल्या रेषेवरची मुलगी साधारण 900 ग्रॅमने वाढते. ही 200 ग्रॅमने वाढली आणि पंधराव्या रेषेला टेकली. पुढच्या तीन महिन्यांत 700 ग्रॅमच्या जागी 300, आणि पंधरावी रेषाही ओलांडून ती खाली गेली. वजन एकदाही कमी झालेलं नव्हतं, प्रत्येक वेळी आकडा वाढलेलाच होता. म्हणूनच घरात कोणाला काही खटकलं नाही. काटा पुढे सरकत होता, पण रेषा त्याहून वेगाने चढत होत्या.

"दोन रेषा ओलांडल्या की तपासा" असा ठोकताळा बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. तो कोणत्या तक्त्यावर लावायचा हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या पाच वर्षांपुढच्या तक्त्यात सात रेषा आहेत, आणि 50 च्या खाली 25 व 10 अशा दोन येतात. पाच रेषांच्या तक्त्यात 50 च्या खाली थेट 15 येते. इथली एक रेषा ओलांडणं म्हणजे बरीच मोठी घसरण, म्हणून मी इथे दुसऱ्या रेषेची वाट पाहत नाही.

मग मी तिच्याकडे उरलेले दोन तक्ते मागितले. लोक वजनाचाच फोटो पाठवतात, पण उत्तर बहुतेकदा लांबीच्या आणि डोक्याच्या घेराच्या तक्त्यात असतं. अन्न कमी पडलं की शरीर आधी वजन सोडतं, पुष्कळ काळ कमी पडलं तर लांबीची वाढ मंदावते, आणि डोकं अगदी शेवटपर्यंत राखलं जातं. याउलट लांबीची रेघ आधी वाकली आणि वजन लांबीच्या मानाने भरलेलंच राहिलं, तर संशय थायरॉईडसारख्या संप्रेरकांवर जातो. हिची लांबी वर्षाला 73 सेंटिमीटर, मधल्या रेषेच्या जराशी खाली; डोक्याचा घेर 45, मधल्या रेषेवर. म्हणजे वजन एकटंच घसरत होतं, आणि घसरण सुरू झाली ती सहाव्या महिन्यानंतर, वरचं अन्न सुरू होतं नेमकी तेव्हा.

"काय भरवतेस?" या प्रश्नाला अपेक्षित उत्तर आलं. वरणाचं पाणी, भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, सगळं पातळ, "घशात अडकायला नको" म्हणून. एवढ्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावतं. वाटी पाण्याने भरली की जागा संपते आणि भूकही मोडते. नऊ ते अकरा महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 300 कॅलरी लागतात. वरणाच्या निवळीतून त्या मिळणं अवघडच. चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतका मऊभात-वरण दाट हवा, त्यात चमचाभर तूप, आणि दिवसातून तीन-चार वेळा. त्याचबरोबर बालरोगतज्ज्ञांकडून रक्त आणि लघवी तपासून घ्यायला सांगितलं. लोहाची कमतरता किंवा लघवीतला जंतुसंसर्ग बाहेरून दिसत नाही, आणि भूक मात्र मारतो.

रेषा ओलांडणारं प्रत्येक बाळ उपाशी असतं असं मात्र नाही. जन्माचं वजन बरंचसं आईच्या गर्भाशयातल्या परिस्थितीवर ठरतं, आईबापांच्या जनुकांचा जोर नंतर दिसू लागतो. त्यामुळे चार किलोचं जन्मलेलं, पण आईबाप चणीने लहान असलेलं बाळ पहिल्या दीड-दोन वर्षांत सावकाश खाली येतं. त्याचं वजन आणि लांबी बरोबरीने उतरतात, ते खेळतं, जेवतं, आणि आपल्या रेषेवर आलं की तिथेच थांबतं. न थांबता घसरत राहिलं तर ते कारण पुरत नाही. नवव्या महिन्याआधी जन्मलेल्यांचं तर वयच आधी दुरुस्त करावं लागतं, नाहीतर घसरण नसताना दिसते.

वर चढणाऱ्या रेघेचा फोटो मला आजवर कोणी काळजीने पाठवलेला नाही. आपल्याकडे ती आजीची शाबासकी समजली जाते. पण दिल्लीतल्या मुलांना मोठेपणापर्यंत पाहिलेल्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुढे ज्यांना मधुमेह झाला किंवा रक्तातल्या साखरेचा तोल बिघडला, त्यांच्यात एक ठरावीक क्रम दिसला : दोन वर्षांपर्यंत बारीक, आणि नंतर उंचीच्या मानाने वजन झपाट्याने वर.

दोन महिन्यांनी भाचीचा पुन्हा फोटो आला, यावेळी सरळ धरलेला. वजन 8.4 किलो, ठिपका पंधराव्या रेषेच्या जरा वर. पण सोबत नवी तक्रार होती : "उंची कमी भरतेय." तिने चौदा महिन्यांच्या पोरीला भिंतीला उभं करून मोजलं होतं. दोन वर्षांपर्यंत बाळ झोपवून, डोकं एका फळीला टेकवून, गुडघे हलके दाबून मोजायचं असतं. उभं केलं की सरासरी 0.7 सेंटिमीटर कमी भरतं, आणि दोन वर्षांनंतरच्या उंचीच्या रेषा तेवढ्याच खालून सुरू होतात. तो ठिपका खोडायला सांगितला.