चौकटीचे लाकूड : वाळवी व ओलावा यांचा शिरकाव तळाशीच

दरवाजाची लाकडी चौकट कुजते किंवा तिला वाळवी लागते, तेव्हा नुकसान बहुधा जमिनीलगतच्या वीतभर भागातून सुरू होते. वरचा भाग वर्षानुवर्षे ठणठणीत राहतो आणि तळ मात्र आतून पोकळ होतो. त्यामुळे लाकूड निवडताना आणि चौकट बसवताना या भागाचा विचार आधी करावा लागतो.

चौकटीसाठी महाराष्ट्रात सागवान, उत्तर व मध्य भारतात साल, तर हिमालयाच्या परिसरात देवदार ही लाकडे परंपरेने टिकाऊ मानली जातात. मात्र हा टिकाऊपणा झाडाच्या गाभ्यापुरताच असतो. गाभ्यात साठलेली नैसर्गिक द्रव्ये कीड व बुरशी यांना रोखतात. सालीलगतच्या फिकट लाकडात ती जवळजवळ नसतात, आणि त्यातील पिष्टमय पदार्थ किडीला आकर्षित करतात. म्हणून सागवानाचाही पांढरा भाग वाळवी सहज खाते. कोवळ्या झाडांत या भागाचे प्रमाण अधिक असते. खरेदीच्या वेळी लाकडाचे कापलेले टोक पाहावे. सागवानाचा गाभा सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट आणि चामड्यासारख्या वासाचा असतो. कडेला फिकट पट्टा दिसला, तर तो कापून काढावा. आधीच रंग किंवा पॉलिश लावलेल्या लाकडात हा पट्टा लपून राहतो.

दुसरी कसोटी ओलाव्याची. चौकटीच्या लाकडात हवामानानुसार सुमारे १० ते १६ टक्के ओलावा चालतो. कोरड्या प्रदेशात तो कमी, तर किनाऱ्यावर थोडा अधिक असावा. ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो.

रत्नागिरीसारख्या दमट किनारी भागातील एका घराचे उदाहरण घेता येईल. चौकटीच्या लाकडातून, टोकापासून वीतभर आत, एक तुकडा कापला. त्याचे वजन ५७५ ग्रॅम भरले. सुमारे १०३ अंश सेल्सिअस तापमानात, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवल्यावर ते ४६० ग्रॅम झाले. म्हणजे ११५ ग्रॅम पाणी गेले. कोरड्या वजनाच्या तुलनेत ओलावा २५ टक्के ठरला. असे लाकूड लगेच बसवणे योग्य नव्हे. त्याच लाकडाचा उभा खांब १० किलोचा असेल, तर त्याचे कोरडे वजन ८ किलो होते. छपराखाली, मध्ये पट्ट्या ठेवून हवेशीर रचल्यावर खांबाचे वजन ९.२ किलोवर आले की ओलावा १५ टक्के झाला असे समजते. त्याआधी रंग दिल्यास ओलावा आत कोंडतो आणि पुढे चौकट पिळते.

बसवताना खांबाचे खालचे टोक सर्वांत महत्त्वाचे. लाकडातील सूक्ष्म नळ्या या टोकाशी उघड्या असल्याने ते बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी शोषते. म्हणून या टोकाला लाकूडसंरक्षक द्रव्य पूर्ण मुरवावे आणि भिंतीला टेकणाऱ्या बाजूला डांबराचा थर द्यावा. बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण किडीवर परिणामकारक असले, तरी ते पाण्याने धुपून जाते. सतत भिजणाऱ्या जागी केवळ त्यावर विसंबता येत नाही. न्हाणीघराच्या दाराचे खांब फरशीत गाडण्याऐवजी दगडी पट्टीवर उभे करून भिंतीत होल्डफास्टने पक्के धरावेत. पाणी नेहमीच साचत असेल, तर तेथे ग्रॅनाइटची चौकट अधिक योग्य.

जमिनीतली वाळवी उजेड व कोरडी हवा टाळण्यासाठी भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या बांधत वर चढते. मात्र फरशी व भिंत यांच्या फटीतून ती थेट खांबात शिरली, तर बाहेर काहीच दिसत नाही. खांब ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा टोकदार पेचकस सहज आत गेला, तर प्रादुर्भाव ओळखावा. केवळ नळ्या पुसून किंवा वरून रंग देऊन उपयोग होत नाही, कारण वारूळ जमिनीत कायम असते.

अशा वेळी फरशी व भिंतीच्या सांध्यावर ३०० मिलिमीटर अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून जमिनीत वाळवीनाशक सोडतात. ३०.५ टक्के तीव्रतेचे इमिडाक्लोप्रिड वापरल्यास त्याचे प्रमाण लिटरभर पाण्यात २.१ मिलिलिटर असते आणि प्रत्येक छिद्रात सुमारे एक लिटर द्रावण जाते. त्यानंतर छिद्रे सिमेंटने बुजवतात. विहीर जवळ असल्यास पाणी दूषित होण्याचा धोका असतो. त्यामुळे हे काम प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे लागते.

भिंतीतली ओल कायम राहिली, तर या उपचाराचा लाभ टिकत नाही. म्हणून गळती आधी थांबवून, पावसाळा संपल्यावर दरवर्षी खांबांचा तळ ठोकून पाहणे आवश्यक ठरते.