पत्ता हिशेबानं की क्रमानं?

रेल्वेच्या तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर टाकला की काही क्षणांत तिकिटाची स्थिती पडद्यावर दिसते. त्या पडद्यामागं खरोखर काय चालतं तो भाग बाजूला ठेवू. समजा, असंच तिकिटांचं एक कोष्टक आपल्याला सांभाळायचं आहे. त्यात दहा लाख नोंदी आहेत. त्या डिस्कवर पानापानांनी ठेवल्या आहेत आणि एका पानावर शंभर नोंदी मावतात. हवी ती नोंद सगळी दहा हजार पानं न चाळता कशी काढायची?

एक रस्ता हिशेबाचा. हजार कप्पे करायचे, पीएनआरला हजारानं भागायचं आणि उरेल त्या बाकीच्या कप्प्यात नोंद टाकायची. शोधतानाही तेच गणित. बाकी 417 आली की थेट 417 नंबरचा कप्पा उघडायचा, एक पान वाचायचं, काम झालं. प्रत्यक्षात भागाकाराआधी पीएनआर एका ‘हॅश फंक्शन’मधून काढतात. हे फंक्शन आकडे असे घुसळून टाकतं की एकमेकांना लागून असलेले पीएनआर लांबलांबच्या कप्प्यांत जाऊन पडतात आणि सगळे कप्पे साधारण सारखे भरतात. ही घुसळण लक्षात ठेवायला हवी, कारण पुढं तीच नडते.

कप्प्यांची संख्या एकदा ठरवली की बदलायची नाही, हे झालं स्टॅटिक हॅशिंग. सत्तर हजार नोंदी असेपर्यंत ते झकास चालतं, कारण प्रत्येक कप्प्यात सत्तरेक नोंदी असतात आणि एका पानात भागतं. पण नोंदी दहा लाखांवर गेल्या की एकेका कप्प्याच्या वाट्याला हजार नोंदी येतात. पान शंभराचंच, त्यामुळं त्याला दुसरं पान जोडावं लागतं, मग तिसरं. अशी दहा पानांची साखळी तयार होते. असलेली नोंद शोधायला सरासरी साडेपाच पानं वाचावी लागतात. नसलेली शोधायला मात्र साखळी शेवटापर्यंत चाळावी लागते. चुकीचा नंबर टाकणारा माणूस सगळ्यांत महाग पडतो तो असा. यात बिघाडाचा कुठलाच संदेश येत नाही. शोध नुसता दर महिन्याला थोडा मंदावत जातो.

मग कप्पे वाढवले तर? हजाराचे हजार एक केले, तर हजारानं भागून येणारी बाकी आणि हजार एकनं भागून येणारी बाकी जवळजवळ कधीच जुळत नाही. दहा लाख नोंदींपैकी जेमतेम हजारभर जागेवर राहतील, बाकीच्या सगळ्यांना बिऱ्हाड हलवावं लागेल. एक कप्पा वाढवण्यापायी सगळ्या कोष्टकाची उलथापालथ!

दुप्पट केले तर मात्र गणित बरंच सोपं होतं. 417 नंबरच्या कप्प्यातली नोंद दोन हजार कप्प्यांत एकतर 417 मध्येच राहते, नाहीतर 1417 मध्ये जाते. तिसरी जागा तिला नाहीच. म्हणजे जुन्या एका कप्प्याचे सरळ दोन होतात आणि इतर कुठल्या कप्प्याशी त्यांचा संबंध येत नाही. आता प्रश्न असा की दुभंगायचंच आहे, तर सगळे हजार कप्पे एकाच वेळी कशाला दुभंगायचे? भरला तेवढाच दुभंगावा.

1979 मध्ये रोनाल्ड फेगिन, युर्ग निव्हरगेल्ट, निकोलस पिपेंजर आणि रेमंड स्ट्राँग या चौघांनी जी ‘एक्स्टेंडिबल हॅशिंग’ची पद्धत मांडली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे. त्यांनी कप्पे आणि हिशेब यांच्यामध्ये एक छोटी डिरेक्टरी घातली. डिरेक्टरीत नोंदी नसतात, फक्त कप्प्यांचे पत्ते असतात. वाढ झाली की दुप्पट होते ती डिरेक्टरी. नोंदी मात्र भरलेल्या कप्प्यातल्याच हलतात.

हे कागदावर करून बघण्यासारखं आहे. कप्प्यात दोनच नोंदी मावतात असं धरू आणि घुसळण न करता साध्या आकड्यांचे द्विमान, म्हणजे शून्य-एकच्या भाषेतले, शेवटचे अंक बघू. सुरुवातीला डिरेक्टरी एकाच अंकाची: शेवटी 0 असेल तर पहिला कप्पा, 1 असेल तर दुसरा. 12 (1100) आणि 4 (0100) पहिल्यात गेले, 7 (0111) आणि 9 (1001) दुसऱ्यात. दोन्ही भरले. आता 6 (0110) आला. पहिला कप्पा भरलेला आणि डिरेक्टरीला एकच अंक कळतो, त्यामुळं तिला दुप्पट व्हावं लागतं. आता तिच्यात चार ओळी झाल्या: 00, 01, 10, 11. पहिला कप्पा दुभंगून 12 आणि 4 हे 00 कडे राहिले, 6 गेला 10 कडे. दुसऱ्या कप्प्याला कुणी हातही लावला नाही. 01 आणि 11 या दोन्ही ओळी अजून त्याच्याचकडे बोट दाखवतात.

मग 15 (1111) आला. आता हा दुसरा कप्पा भरलेला निघाला, पण त्याच्याकडे दोन ओळी बोट दाखवत असल्यामुळं डिरेक्टरी वाढवायची गरज नाही. कप्पा दुभंगायचा: 9 राहिला 01 कडे, 7 आणि 15 गेले 11 कडे, आणि एका ओळीचा पत्ता बदलला. एवढंच. प्रत्येक कप्पा स्वतः किती अंकांवर उभा आहे ते त्याच्याच माथ्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा डिरेक्टरीच्या अंकांपेक्षा कमी असेल तर नुसतं दुभंगायचं, सारखा असेल तर आधी डिरेक्टरी दुप्पट करायची. डिरेक्टरी बहुधा मेमरीतच मावते. न मावली तरी एक वाचन डिरेक्टरीचं आणि एक कप्प्याचं, असा दोन वाचनांत निकाल. साखळीचं नाव नाही.

पण आता 20 (10100) येऊ द्या. शेवटचे अंक 00, तिथं 12 आणि 4 आधीच बसलेले. डिरेक्टरी आठ ओळींची करून शेवटचे तीन अंक पाहिले, तर 4, 12 आणि 20 तिघांचेही 100 च! 000 चा नवा कप्पा रिकामाच राहिला आणि 100 च्या कप्प्यात गर्दी तशीच. पुन्हा दुप्पट. सोळा ओळी झाल्यावर 12 वेगळा झाला (1100), 4 आणि 20 एकत्र राहिले (0100). सात नोंदी, सहा कप्पे, त्यातला एक रिकामा, आणि डिरेक्टरी सोळा ओळींची. घुसळण का लागते ते इथं दिसतं. शेवटचे अंक सारखे असणारे आकडे झुंडीनं आले की डिरेक्टरी भराभर फुगते.

ज्याला घुसळणसुद्धा उपाय नाही, अशी स्थिती म्हणजे एकच किंमत पुन्हा पुन्हा येणं. पीएनआरऐवजी तिकिटाच्या स्थितीवर हॅश इंडेक्स केला, तर ‘कन्फर्म’ या शब्दाचा हॅश लाखो नोंदींना सारखाच येणार. कितीही अंक बघा, त्या नोंदी वेगळ्या होणार नाहीत. डिरेक्टरी दुप्पट करत राहण्यात अर्थ नसतो. तिथं निमूट साखळीच लावावी लागते आणि आपण स्टॅटिक हॅशिंगच्या दारात परत येतो.

एक्स्टेंडिबल हॅशिंग आजही वापरात आहे. झेडएफएस आणि जीएफएस2 या फाइल सिस्टिम मोठ्या फोल्डरमधली फाइलनावं याच पद्धतीनं शोधतात. पोस्टग्रेस या डेटाबेसनं मात्र आपल्या हॅश इंडेक्ससाठी विटोल्ड लिटविन यांनी 1980 मध्ये मांडलेलं लिनियर हॅशिंग घेतलं. त्यात डिरेक्टरी नसते, कप्पे ठरलेल्या क्रमानं एकेक करून दुभंगतात आणि तोवर थोड्या साखळ्या चालवून घेतल्या जातात. त्या किती वाढल्या हे `pgstathashindex` या फंक्शनच्या `overflow_pages` या आकड्यावरून कळतं. तो कप्प्यांच्या पानांच्या मानानं फुगलेला दिसला, तर बहुतेक वेळा त्या रकान्यात एकाच किंमतीची गर्दी असते.

इथवर सगळे प्रश्न ‘हाच पीएनआर कुठं आहे?’ या जातीचे होते. आता विचारा, ‘1 ते 3 मेदरम्यानच्या प्रवासाची तिकिटं दाखवा.’ हॅश इंडेक्स इथं गप्प बसतो. 1 मे सकाळी सहाची नोंद एका कप्प्यात, सहा वाजून एक मिनिटाची कुठल्या कुठं. नुसत्या तारखा असत्या तर तीन तारखा तीनदा विचारून भागवता आलं असतं, पण वेळेसह तारीख असली की मधल्या शक्य किंमती कोण मोजणार? पोस्टग्रेसमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. या रकान्यावर दुसरा इंडेक्स नसताना हे चालवा:

```sql
CREATE INDEX ON tickets USING hash (journey_time);
EXPLAIN SELECT * FROM tickets
WHERE journey_time >= '2025-05-01' AND journey_time < '2025-05-04';
```

उत्तरात `Seq Scan on tickets` दिसेल. म्हणजे इंडेक्स असूनही सगळं कोष्टक पहिल्यापासून चाळलं जाणार. `ORDER BY`, सगळ्यांत अलीकडची नोंद, ‘कुल’नं सुरू होणारी आडनावं, या सगळ्यांची गत तीच. ज्या घुसळणीमुळं कप्पे सारखे भरले, तिनंच शेजार मोडलेला असतो.

बी-ट्री हा क्रम राखणारा इंडेक्स. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी तो बोइंगच्या प्रयोगशाळेत काम करताना मांडला. तळाच्या पानांवर किंमती क्रमानं लावलेल्या असतात आणि शेजारचं पान कुठलं हे प्रत्येक पानाला ठाऊक असतं. 1 मेची पहिली नोंद सापडली की पुढं नुसतं चालत जायचं.

‘पण एका नोंदीसाठी तरी हॅश वेगवान ना?’ असं कुणी विचारेल. पोस्टग्रेसचं पान 8 केबीचं असतं आणि त्यावर पीएनआरसारख्या आकड्याच्या साडेतीनशेहून अधिक नोंदी बसतात. दहा लाख पीएनआरना तळाची सुमारे 2,700 पानं लागतात, त्यांच्यावर दहाएक, आणि माथ्यावर एक. वरची ही मूठभर पानं सतत वापरात असल्यामुळं मेमरीतच राहतात. डिस्कवरून वाचायचं उरतं ते तळाचं एक पान. हॅशचंही तेवढंच. पुस्तकातला मोठा फरक इथं आल्यावर किरकोळ होतो.

त्यात पोस्टग्रेसचा हॅश इंडेक्स नोंदीच्या एकमेवपणाची हमी देऊ शकत नाही, म्हणून प्राथमिक किल्लीला बी-ट्री लागतोच. पीएनआर ही प्राथमिक किल्ली असेल तर तिच्यावर आणखी हॅश इंडेक्स ठेवणं म्हणजे प्रत्येक नव्या तिकिटामागं दोन इंडेक्स लिहिण्याचा भुर्दंड. शिवाय 2017 च्या दहाव्या आवृत्तीआधी हे हॅश इंडेक्स वीज गेल्यावर किंवा यंत्र कोसळल्यावर भरवशाचे राहत नसत, ते पुन्हा बांधावे लागत. जुन्या मंडळींच्या मनातली अढी तिथली आहे. ती आता सोडायला हरकत नाही.

हॅशचं खरं राज्य आहे ते लांबलचक किल्ल्यांवर. दोनशे अक्षरांचे वेब-पत्ते शोधायचे असतील, तर बी-ट्रीला ते अख्खे साठवावे लागतात आणि पानावर जेमतेम तीसचाळीस मावतात. पोस्टग्रेसचा हॅश इंडेक्स किल्ली कितीही लांब असो, तिचा चार बाइटचा हॅशच ठेवतो आणि मूळ नोंद उघडून खातरजमा करतो. पत्ता तोच आहे का, एवढंच विचारायचं असेल आणि क्रमाशी काही देणंघेणं नसेल, तर तिथं तो बिनधास्त घ्यावा.

मायएसक्यूएलवाल्यांना मात्र आधी एक गोष्ट तपासावी लागते. तिथल्या इनोडीबी कोष्टकावर `USING HASH` लिहिलं तरी कोष्टक तयार होतं, पण `SHOW INDEX` चालवल्यावर `Index_type` च्या रकान्यात दिसतं `BTREE`.