कांदा काढणीचा निरोप

उन्हाळी कांद्याची काढणी जवळ आली की मजुरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप पडतात, ‘माणसं पाहिजेत, लवकर कळवा.’ अशा निरोपाला उत्तर कमी आणि फोन जास्त येतात. पूर्ण निरोप असा असतो:

‘कांदा काढणी व पात कापणी, दोन एकर. ६ ते ११ एप्रिल. १२ माणसं. रोज ४०० रुपये, बाई-माणूस दर एकच. सकाळी ८ ते ५, मध्ये एक तास सुट्टी. दुपारचं जेवण व दोन वेळा चहा आमच्याकडे. पिकअप सातला मारुती मंदिरापासून, भाडं आमचं. पैसे रोज संध्याकाळी.’

यात ‘पात कापणी’ हे दोन शब्द महत्त्वाचे. कांदा उपटून तीन-चार दिवस पातीसकट वावरात सुकवतात, मग इंचभर मान ठेवून पात कापतात. कापणी लिहिली नाही, तर उपटणी संपताच टोळी दुसरीकडे जाते आणि कांदा उन्हात पडून राहतो.

तारीख मानांवरून ठरवावी. निम्म्याहून जास्त माना पडल्या की पीक काढणीला आलं. पाणी त्याआधीच तोडलेलं असतं. घाईत आधीची तारीख दिली, तर जाड मानेचा कांदा चाळीत लवकर सडतो.

काम उक्तं द्यायचं असेल तर रोजाऐवजी एकराचा दर लिहा. पाऊस आला तर त्या दिवसाच्या रोजाचं काय, तेही निरोपातच सांगा. भांडणं तिथेच होतात.