ओटीपीच्या पायरीवर माणसे का थांबतात?

मराठी बोलती पुस्तके ऐकवणारे एक ॲप आहे असे समजू. त्याची जाहिरात बरी चालते, लोक ॲप उतरवून घेतात, पण खाते उघडणारे मात्र निम्म्याहून कमी. मालक विचारतो, बाकीचे जातात कुठे? अशा वेळी बहुतेक कंपन्यांत ठरलेले उत्तर येते: सगळेच नोंदवून ठेवू, मग बघू. प्रत्येक बटणावरचा स्पर्श, प्रत्येक रकान्यात टाइप केलेले अक्षर, फोनचे मॉडेल, ठिकाण, जमल्यास पडद्याचे चित्रीकरणही. सहा महिन्यांनी नोंदींचा डोंगर उभा राहतो आणि मालकाचा प्रश्न होता तिथेच असतो.

नोंदींचा आराखडा उलट्या टोकाने करावा लागतो. आधी प्रश्न, मग त्याच्या उत्तरावरून आपण नेमके काय बदलणार ते, आणि सर्वांत शेवटी नोंद. ज्या नोंदीचे उत्तर काहीही आले तरी आपण काहीच बदलणार नाही, ती घ्यायचीच नाही.

आपल्या ॲपमध्ये खाते उघडण्याच्या पायऱ्या चारच आहेत. माणूस नोंदणीचा पडदा उघडतो, मोबाइल नंबर देऊन ओटीपी मागवतो, आलेला ओटीपी घालतो, आणि नाव लिहून खाते पूर्ण करतो. म्हणून मुख्य घटनाही चार: `signup_started`, `otp_requested`, `otp_verified`, `signup_completed`. अडखळणे कळावे म्हणून पाचवी, `otp_failed`. पहिली घटना फोनवरून येते. बाकीच्या सर्व्हरने नोंदवाव्यात, कारण फोनवरून निघालेली नोंद रेंज गेली किंवा ॲप बंद पडले की वाटेतच हरवते. खाते तयार झाले की नाही हे सर्व्हरला मात्र पक्के ठाऊक असते.

या घटना एकमेकींना जोडायला माणसाची ओळख लागत नाही. नोंदणी सुरू होताच ॲपने एक यादृच्छिक खूण तयार करावी, `signup_id`. ती फोनवर 24 तास राहील, म्हणजे मध्येच ॲप बंद होऊन पुन्हा उघडले तरी तोच प्रयत्न पुढे मोजला जाईल. नाही तर एकच माणूस एकदा 'सोडून गेलेला' आणि एकदा 'नवा आलेला' असा दोनदा दिसतो.

इथे हमखास कोणी तरी सुचवतो की खूण कशाला, मोबाइल नंबरच हॅश करून वापरू, म्हणजे तो ओळखता येणार नाही. हे चुकीचे आहे. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि 6 ते 9 यांपैकी एका आकड्याने सुरू होणारे, म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, पण साध्या संगणकालाही एवढे सगळे हॅश काढून ताडून पाहायला फार वेळ लागत नाही. हॅश केलेला नंबर हा नंबरच समजावा.

आता नमुन्यादाखल एका आठवड्याचे आकडे घेऊ. 1000 प्रयत्न सुरू झाले, 720 जणांनी ओटीपी मागवला, 430 जणांचा जुळला, 410 जणांचे खाते झाले. मोठी गळती ओटीपीवर आहे, 290 जणांची. मात्र हे आकडे `signup_id` मोजून काढलेले हवेत, घटना मोजून नव्हे. पुन्हा ओटीपी मागवणारे बरेच असतात, त्यामुळे `otp_requested` ही घटना 1100 वेळाही घडलेली असू शकते, आणि 1000 जणांतून 1100 पुढे गेले असा चमत्कारिक तक्ता तयार होतो.

गळती कुठे आहे ते कळले. का आहे ते कळण्यासाठी `otp_failed` सोबत दोनच तपशील पुरतात.

```
{ "event": "otp_failed",
  "signup_id": "k7f2q9xw",
  "reason": "expired",
  "wait": "60-120s" }
```

`reason` च्या किमती आधीच ठरलेल्या: `wrong`, `expired`, `superseded`. शेवटची विसरली जाते. एसएमएस यायला उशीर होतो, माणूस 'पुन्हा पाठवा' दाबतो, मग दोन्ही संदेश पाठोपाठ येतात, तो पहिला ओटीपी घालतो, आणि सर्व्हरने तो दुसरा पाठवतानाच रद्द केलेला असतो. माणसाला दिसते 'ओटीपी चुकीचा'. त्याने तर जसाच्या तसा टाइप केलेला असतो! `wait` म्हणजे पाठवल्यापासून घालेपर्यंतचा काळ, तोही टप्प्यांत. तो सर्व्हरला स्वतःच काढता येतो, फोनकडून काही मागावे लागत नाही.

आपल्या नमुन्यात बहुसंख्य अपयश `expired` निघाले आणि त्यातले बहुतेक 60 ते 120 सेकंदांच्या टप्प्यात. ओटीपीची मुदत होती 60 सेकंद. ती पाच मिनिटे करायची आणि पुढच्या आठवड्याचा आकडा पाहायचा. हे शोधायला नाव, गाव, वय, फोनमधले संपर्क यांपैकी काहीही लागले नाही. ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून सगळे एसएमएस वाचण्याची परवानगीही मागायला नको. अँड्रॉइडवर `SMS Retriever` नावाची सोय आहे. ॲपची अकरा अक्षरी खूण ज्या संदेशात असेल, तेवढाच संदेश ती ॲपच्या हाती देते.

जास्तीची माहिती बहुधा कोणी ठरवून घेत नाही, ती फटींतून झिरपते. `error_message` असा मोकळा रकाना ठेवला की एके दिवशी त्यात 'हा नंबर आधीच नोंदलेला आहे' या वाक्यासोबत नंबरही येऊन बसतो. वेबसाइटवर पानाचा पूर्ण पत्ता नोंदवला तर पत्त्याच्या शेपटात ईमेल असतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय संशोधनात एक लाख लोकप्रिय संकेतस्थळे तपासली होती. युरोपातून पाहिल्यावर त्यांतल्या 1844 स्थळांवर, वापरणाऱ्याने फॉर्म पाठवण्याआधीच आणि संमतीशिवाय, त्याचा ईमेल माग काढणाऱ्या, जाहिरातींच्या किंवा विश्लेषणाच्या कंपन्यांकडे पोचत होता. पडद्याचे चित्रीकरण करणाऱ्या साधनांनी 52 स्थळांवर पासवर्डही नकळत उचलले होते. म्हणून सर्व्हरवर मान्य रकान्यांची यादी असावी आणि यादीबाहेरचा रकाना आला तर नोंद सरळ नाकारावी. 'नंतर गाळून टाकू' हे नंतर कधीच होत नाही.

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची भूमिकाही हीच आहे. त्यात एक उदाहरणच दिले आहे: दूरवैद्यकीय सेवेचे ॲप फोनमधल्या संपर्कांसाठीही संमती मागते आणि माणूस 'हो' म्हणतो. तरीही ती संमती सेवेपुरतीच धरली जाईल, कारण उपचाराला संपर्कांची गरज नाही.

आराखडा चालू झाल्यावर रोज एक मेळ घालावा: `signup_completed` किती आणि खात्यांच्या तक्त्यात नवी खाती किती. दोन्ही सर्व्हरचेच आकडे, तेव्हा ते जुळायलाच हवेत. नाही जुळले तर आधी नोंद दुरुस्त करायची, तोवर त्या तक्त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. पडदा उघडून नंबर न देताच गेलेल्या 280 जणांबद्दल मात्र हा आराखडा काही सांगणार नाही. त्यांना नंबर द्यायचा नव्हता की पुस्तकेच आवडली नाहीत, हे चार-पाच जणांशी बोलूनच कळते. त्यासाठी आणखी रकाने जोडण्यात अर्थ नाही. कच्च्या नोंदी 90 दिवसांनी पुसाव्यात आणि आठवड्यांच्या बेरजा तेवढ्या ठेवाव्यात. ओटीपीची मुदत वाढवून आकडा स्थिरावला की `wait` हा रकानाही यादीतून काढून टाकावा.